तांबड्या चांदणीची चौकट

शिवाजी पेठेतल्या आमच्या ऑनलाइन अर्जांच्या दुकानात मी निवृत्तीनंतर आठ वर्षं बसलो. माझा हात जलद, असं लोक म्हणत. त्याचं कारण सांगतो. ज्या चौकटीपुढे तांबडी चांदणी, म्हणजे सक्तीची खूण, असेल तेवढीच मी भरायचो. बाकीचं वाचतही नसे.

एकदा मलकापूरची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज होता. वडिलांच्या नावापुढे चांदणी होती.

"वडिलांचं नाव?"

"न्हाय," बाई म्हणाली. मुलगी खाली बघत होती.

"वारले?"

"न्हाय वो. नावच लावत न्हाय आमी त्येचं. लगीनच न्हाय झालं."

चौकट रिकामी ठेवली की अर्ज पुढं सरकेना. आडवी रेघ दिली, ती चालेना. फक्त अक्षरं टाका, असं संगणक म्हणाला. मागं रांग होती. मी NAHI अशी चार अक्षरं टाकली. अर्ज लगेच गेला. संगणकाला चौकट भरलेली हवी असते. तिच्यात काय आहे ते तो बघत नाही.

कागद तपासणाऱ्यांनी मात्र बघितलं. दाखल्यावर वडिलांचं नाव नव्हतं, अर्जात होतं: NAHI. कागद जुळत नाहीत म्हणून अर्ज बाद झाला. दुरुस्तीची मुदत संपली होती. मुलीचं एक वर्ष गेलं.

बाई विचारायला आली तेव्हा मी म्हणालो, "वेबसाइटचा घोळ आहे, मावशी. आपल्या हातात काय नसतं."

ते खोटं होतं. अर्ज बाद झाल्याचं कळल्यावर, ती यायच्या आधीच, मी कोरा अर्ज उघडून वरपासून वाचला होता. वडिलांच्या चौकटीच्या वरच एक प्रश्न होता: आई एकल पालक आहे का? त्याच्यापुढे चांदणी नव्हती. मी सहज 'होय' निवडलं, आणि खालची चांदणी निघून गेली. वडिलांची चौकट रिकामी ठेवूनही अर्ज पुढं गेला. आईचं नाव तेवढं सक्तीचं झालं.

मुलगी दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून अर्ज भरून नर्सिंगला लागली. आता नोकरीला आहे. गेल्या महिन्यात मी मलकापूरला जाऊन सगळं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं आणि चहा ठेवला.

"मला वाटलंच हुतं की," ती म्हणाली. "वेबसाइट म्हणताना तुमी माझ्याकडं बघंना झालता. पर मला सांगून काय? वरीस तिचं गेलं. तिला सांगा."

तिनं फोन लावून माझ्या हातात दिला. मी परत पहिल्यापासून सांगितलं.

"मग त्या चौकटीत काय लिहायचं होतं, काका?"

"काहीच नाही. वरच्या प्रश्नाला होय म्हणायचं होतं."



"तो प्रश्न तुम्ही आम्हाला विचारलाच नव्हता," ती म्हणाली.

"नाही विचारला," मी म्हणालो.