दोन बोटांचं पुस्तक

आमच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाईंना मुलं ‘बोटाबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक होतं. “म्हणू देत,” त्या म्हणायच्या, “निदान बोटं तरी लक्षात राहतील.” त्यांचं एकच चालू असे. पुस्तक हवं तर मधलं कुठलंही पान उघडायचं, हळू आवाजात वाचायचं आणि अडला शब्द की मुठीतलं एक बोट उघडायचं. एखादंच बोट उघडलं किंवा मूठ मिटलेलीच राहिली, तर पुस्तक सोपं. दोन-तीन बोटं, तर जमणारं. चार म्हणजे शेजारी कुणी बसणार असेल तर न्यायचं. पाचवं उघडलं की पुस्तक आजच्यापुरतं कपाटात परत.

त्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसायचीच नाही. आई नव्हती, आत्याने वाढवलेली. आत्या कपडे शिवायची. भिंगरीचा धाकटा भाऊ दुसरीत होता.

सहामाहीच्या आधी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. “तुमच्या वर्गातली ती मुलगी वाचत नाही. शनिवारी माझ्यासमोर न पाहिलेलं एक पान वाचेल, नाहीतर सोमवारपासून दुसरीत बसेल.”

दुसरीत म्हणजे भावाच्या शेजारच्या बाकावर. मी वर्गात काहीच बोलले नव्हते, तरी मधल्या सुट्टीपर्यंत भिंगरीला कळलं. ती माझ्यापाशी आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “मी शाळेतच येणार नाही मग.” रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, इतक्या शांतपणे ती ते म्हणाली.

मी तडक बोटाबाईंकडे गेले. त्या निर्धास्त होत्या. “अगं, सोमवारीच तिची बोटं बघितली. दोन! तिसरीच्या कपाटातलं गोष्टींचं पुस्तक दिलंय मी. पाठोपाठ दुसरं देते.”

“पण बाई, ते पुस्तक तिच्या दप्तरात आहे आणि मधली घडीसुद्धा मोडलेली नाही.”

बाईंनी चष्मा काढला. “उद्या आण तिला माझ्याकडे. एकटीला.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात आम्ही तिघीच होतो. बाईंनी पुठ्ठ्याची कार्डं काढली, एकेका कार्डावर एकच शब्द. चित्र नाही, वाक्य नाही, अंदाज करायला काही नाही. “मी एक-दोन म्हणेपर्यंत दाखवणार,” त्या म्हणाल्या. “आठवला तर सांगायचा, नाही तर गप्प. काही बिघडत नाही.”

तिसरीची वीस कार्डं झाली. भिंगरीला अकरा आली. बाकीच्या ठिकाणी ती पहिलं अक्षर बघून काहीतरी ठोकून देत होती. जोडाक्षर आलं की आवाज खाली जायचा. मग दुसरीची वीस दाखवली, त्यातली अठरा तिने फटाफट सांगितली.

बाईंनी कार्डं गोळा केली. “मग सोमवारी दोनच बोटं कशी गं?”

भिंगरीने मूठ पाठीमागे लपवली.

“रागावणार नाही. सांग.”

“दोन केली की तुम्ही शाब्बास म्हणता,” ती म्हणाली. “सगळ्या रांगेसमोर. पाच केली की पुस्तक परत घेता. मग सगळे हसतात. आम्ही सगळे दोनच करतो.”

मी बाईंकडे बघितलं. त्या कपाटाला हात टेकून उभ्या होत्या. इतकी वर्षं त्या मुलांना रांगेत उभं करून बोटं मोजत आल्या होत्या.

“सगळे?” त्यांनी विचारलं.

“हो. तो पुढच्या बाकावरचा जाड्या तर वाचायच्या आधीच दोन करतो.”

मला हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून गिळलं. “चूक माझी,” त्या भिंगरीला म्हणाल्या, “तुझी नाही.”

तेवढ्यात आत्या दाराशी आली, हातात कापडाची पिशवी. “हिला शिक्षा केलीत का बाई? घरी नुसती मशीनला चिकटलेली असते, अभ्यास नाही.”

“मशीनला?” बाई म्हणाल्या.

“पट्टा घसरला की हीच चढवते. तेल कुठे घालायचं ते मलाच शिकवते! पण पुस्तक दिसलं की अंग चोरते.”

बाई कपाटाकडे वळल्या. दुसरी आणि तिसरी यांच्या मधल्या खणातून यंत्रांवरचं एक पातळ पुस्तक काढलं. मोठी अक्षरं, छोटी वाक्यं, पानोपानी चित्रं. “हे धर. तोंड भिंतीकडे कर. तुझी बोटं मला दिसत नाहीत आणि मी मोजणारही नाही. तूच मोज.”

भिंगरीने मधलं पान उघडलं. शिवणाच्या यंत्राचं चित्र होतं. ती वाचू लागली. मध्येच थांबायची, पुन्हा मागे जायची. ‘वंगण’ला अडली, मग चित्राकडे बघून “तेल?” असं पुटपुटली आणि तरी एक बोट उघडलं. आत्या तोंडात पदर धरून उभी.

पान संपल्यावर ती वळली. “तीन.” आणि घाईने म्हणाली, “पण मला हेच हवं.”

“तीन म्हणजे जमणारं,” बाई म्हणाल्या. “ने.”

शनिवारी मी, भिंगरी आणि बोटाबाई केबिनमध्ये गेलो तेव्हा मोठ्या बाईंच्या टेबलावर आधीच एक पुस्तक होतं, तिसरीच्या वरच्या खणातलं, बारीक अक्षराचं. मी मनात देवाचं नाव घेतलं. दुसरं काय हातात होतं?

“वाच,” मोठ्या बाई म्हणाल्या.

भिंगरीने पुस्तक उघडलं. डावा हात टेबलावर ठेवला, मूठ मिटलेली, सगळ्यांना दिसेल अशी. पहिल्या ओळीत एक बोट. दुसरीत दोन आणखी. मी बोटाबाईंचा हात घट्ट धरला. चौथ्या ओळीला पाचवं बोट उघडलं आणि भिंगरीने पुस्तक मिटून मोठ्या बाईंकडे सरकवलं.

“हे आज माझं नाही,” ती म्हणाली. तिने दप्तरातून यंत्रांचं पुस्तक काढून पुढे ठेवलं. “माझं हे आहे. यातलं जे पान मी वाचलं नाही ते तुम्ही काढा.”

मोठ्या बाईंनी भुवया उंचावल्या. बोटाबाई पहिल्यांदाच बोलल्या, “शंभरेक शब्दांचं पान काढा बाई. चुका तुम्हीच मोजा. हिला काय येत नाही ते तर तिने आत्ता न विचारता सांगितलंय.”

मोठ्या बाईंनी पेन्सिल घेतली. पान सायकलच्या साखळीचं निघालं. भिंगरी वाचत गेली, पेन्सिल प्रत्येक चुकीवर थांबत गेली. एक रेघ. दोन. तिसरी रेघ होता होता थांबली, कारण भिंगरीने चुकीचा शब्द स्वतःच मागे जाऊन सुधारला. शेवटच्या ओळीपर्यंत चारच रेघा झाल्या.

मोठ्या बाईंनी रेघा मोजल्या. “शंभरात चार. साखळी का निसटते, ते तुझ्या शब्दात सांग.”

भिंगरीने सांगितलं. पानावर होतं त्याहून जास्तच सांगितलं. सैल साखळी कशी घट्ट करतात तेही हात हलवून दाखवलं.

“तिसरीतच बसेल,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण वार्षिक परीक्षेआधी पुन्हा बघीन, आणि तेव्हा हे वरच्या खणातलं.”

बाहेर थांबलेल्या आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. भिंगरी मात्र बोटाबाईंना विचारत होती, त्या वरच्या खणातल्या पुस्तकात यंत्रं आहेत का. नसतील तर ते वार्षिकपर्यंत सहन करावं लागेल, असं तिचं म्हणणं होतं.

सोमवारी ग्रंथालयातली रांग बंद झाली. बाईंनी दोन कपाटांच्या मध्ये एक स्टूल ठेवलं, भिंतीकडे तोंड करून. एकेकानं तिथे जायचं, बोटं आपल्यापाशी ठेवायची, बाहेर येऊन फक्त पुस्तक हवं की बदलायचं ते सांगायचं. ‘शाब्बास’ कुणालाच नाही. पहिल्याच दिवशी चौदा मुलांनी पुस्तकं बदलून घेतली. जाड्याने तर दोनदा.