लावणीच्या दिवसांतली सपाट रेघ

पिरंगुटच्या कारखान्यात संगणक विभाग माझ्याकडे होता, तेव्हाची ही गोष्ट. आषाढात खिडकीबाहेर ढग इतके खाली यायचे की भरे गावाकडची भातखाचरं त्यांत विरघळून जायची, आणि आपण पाण्याखाली बसून काम करतोय असं वाटायचं.

दर शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या फायलींची राखीव प्रत टेपवर उतरायची. अहवालात ‘यशस्वी’ आलं की मी निर्धास्त. माझ्या हाताखाली अकोल्याची एक मुलगी होती. ती मात्र प्रत केवढी झाली, किती वेळ लागला, याचे ठिपके कपाटावर चिकटवलेल्या आलेख कागदावर मांडायची. कित्येक महिने दोन्ही रेघा हळूहळू चढत होत्या. मग त्या आडव्या झाल्या.

‘‘सर, कमी झालं नाही, पण वाढतही नाहीये.’’

‘‘भाताची लावणी चालू आहे. अर्धा कारखाना रजेवर. नवीन काम कुठून वाढणार?’’ मी म्हणालो. तिला ते पटलं.

लावणी आटोपली, माणसं परतली. रेघ तशीच, वारा पडल्यावरच्या धरणाच्या पाण्यासारखी. साच्यांची ड्रॉइंग करणारा भरे गावचा ड्राफ्ट्समन कपाटापाशी थबकला.

‘‘मॅडम, रेघ झोपली का काय? आमी तर चिखलातनं येऊन रोज नवं ड्रॉइंग काढतुया!’’

‘‘कुठे ठेवता ते?’’

‘‘सायबांनी दिलेल्या नव्या डिस्कवर. जुनी भरली न्हाई का!’’

तिने टेपवरून त्याचं ताजं ड्रॉइंग परत काढून पाहिलं. नव्हतंच. टेपवर फक्त जुनी डिस्क उतरत होती, दर आठवड्याला, अगदी यशस्वीपणे. नवी डिस्क मीच बसवली होती आणि प्रत घ्यायच्या यादीत घालायला विसरलो होतो. त्याची महिनाभराची मेहनत एकाच डिस्कवर, प्रतीविना पडून होती. तिने ती डिस्क यादीत घातली. त्या शुक्रवारी दोन्ही ठिपके एकदम वर उडाले.

श्रावण सरायच्या आत नवी डिस्क बंद पडली. ड्रॉइंग टेपवरून सगळी परत आली. व्यवस्थापकांनी विचारलं, ही डिस्क यादीत नव्हती हे वेळेत लक्षात कसं आलं? मी म्हणालो, ‘‘नेहमीची तपासणी.’’ ती शेजारीच उभी होती.

दिवाळीनंतर ड्राफ्ट्समन नव्या आंबेमोहोर तांदळाची पिशवी घेऊन माझ्या टेबलापाशी आला. ‘‘सायेब, तुमच्यामुळं वाचलं.’’

पिशवी तिच्या टेबलावर जायला हवी होती. ती पलीकडे पाठमोरी, शुक्रवारचा ठिपका मांडत होती. मी पिशवी घरी नेली. भात शिजताना घरभर वास दरवळला, आणि मी ताटावर उशिरा बसलो.