रिकाम्या खुर्चीचा पगार

रूपचंदभाऊंना हसताना कुणी पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं, मी त्याला चहा पाजीन. नंदुरबारला इंदरमल शेठजींच्या कापसाच्या जिनमध्ये ते हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली हजेरी कारकून. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असे. पण चहा गार आला, पंखा बंद पडला, धोतर इंजिनच्या तेलात बुडालं, असल्या गोष्टींवर ते कधी चिडले नाहीत. एखाद्या गोष्टीचं कारण विचारलं आणि समोरचा गप्प बसला, की मात्र त्यांचा पारा चढायचा.

आणि आमच्या जिनमध्ये पगाराचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. वहीपूजन झालं की शेठजी एकेकाला गादीजवळ बोलवत, त्याच्या डोक्यावर हात ठेवत आणि नवा पगार कानात सांगत. वर हळूच म्हणत, बाकीच्यांपेक्षा तुला जास्त दिलाय, कुठे बोलू नको. हे ते प्रत्येकालाच म्हणत. आणि आम्ही शहाणे, प्रत्येक जण स्वतःला शेठजींचा लाडका समजून वर्षभर अळीमिळी गुपचिळी. आज आठवलं तरी माझं डोकं तापतं. आम्हाला कुणी धमकावलं नव्हतं, आम्ही उपकारापोटी गप्प होतो.

हे फुटलं ते एकोणीसशे सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात. आमचे तीन कारकून रेशनिंग ऑफिसात नोकरी मागायला गेले. तिथल्या साहेबाने तिघांना एकत्र उभं करून आधीचा पगार विचारला, आणि तिथेच, परक्या माणसासमोर, त्यांना कळलं की एकाच टेबलावर एकच काम करून तिघांना तीन पगार मिळत होते. त्यातला सर्वांत जुना सर्वांत खाली होता. तिघेही परत आले नाहीत. सरकारी पगार कमी होता, पण तो भिंतीवर लिहिलेला होता.

हंगाम तोंडावर आणि तीन खुर्च्या रिकाम्या. शेठजी घाबरले आणि त्यांनी भाऊंना सांगितलं, आपल्याकडेही सरकारसारख्या श्रेण्या बांधा. त्यांना वाटलं, हा कागदाचा खेळ आहे. कागद भिंतीवर लावू आणि आतून चालायचं ते चालेल.

भाऊंनी तो खेळ समजून केला नाही. दोन महिने ते जिनभर हिंडले. गेटवर बसले, गाठींच्या शेडमध्ये उभे राहिले, इंजिनघरात घामाघूम झाले. मला म्हणायचे, माणसाला खुर्चीवरून उठव आणि रिकाम्या खुर्चीची किंमत कर. तिच्यावर बसायला किती शिक्षण लागतं, किती हातोटी लागते, चूक झाली तर केवढ्याचं नुकसान होतं, अंगमेहनत किती, धूळ-ऊन किती. बसलेला कुणाचा कोण, हे विचारायचंच नाही. लोक मात्र तेच सांगायचे. कामाचं वर्णन विचारलं तर एकाने सांगितलं, मी शेठजींच्या वडलांपासून आहे. भाऊ कडाडले, की मी तुझी कुंडली मागितली नाही.

शेवटी चार श्रेण्या ठरल्या. पहिलीत शिपाई आणि चौकीदार, दुसरीत तोलाईचे आणि हजेरीचे कारकून, तिसरीत रोकड आणि इंजिनवाले, चौथीत एकटा हेडक्लार्क. प्रत्येक श्रेणीला खालचं टोक, दरसालची वाढ आणि वरचं टोक. आमची दुसरी श्रेणी तीस रुपयांपासून, वर्षाला दोन याप्रमाणे पन्नासपर्यंत. जुन्या माणसाला त्याच्या नोकरीच्या दर तीन पुऱ्या वर्षांमागे एक पायरी वर बसवायचं. ज्याचा पगार त्याच्या पायरीपेक्षा जास्त निघेल त्याचा कापायचा नाही, पण पायरी त्याला गाठेपर्यंत वाढवायचाही नाही. एवढंच. माझ्या आईलाही मी हे भाकरी होईपर्यंत समजावून सांगितलं होतं.

आणि इथेच माशी शिंकली. जिनमध्ये तोलाईचे दोन काटे. गेटच्या काट्यावर रायसिंग, नवापूरकडच्या डोंगरातला, मिशनच्या शाळेत सात यत्ता शिकलेला. येणारी कपास तोलायची, ओली निघाली तर वजनात कट धरायचा, शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या. अकरा वर्षांत त्याचा पगार चोवीसवर पोचला होता. आतल्या शेडमध्ये गाठींच्या काट्यावर भंवरलाल, शेठाणी छोटीबाईंचा सख्खा भाऊ. तीन वर्षांची नोकरी आणि पगार सेहेचाळीस. भंवरलाल वाईट नव्हता, कामात चोख होता. पण काटा तोच, वजनं तीच, लिहायचं तेच. भाऊंच्या हिशेबाने रायसिंग तीन पायऱ्या चढून छत्तीसवर येत होता, आणि भंवरलालची खरी पायरी बत्तीसची होती. म्हणजे त्याचे सेहेचाळीस तसेच राहणार, पण सात वर्षं एक पैसा वाढणार नाही.

शेठजींनी रायसिंगच्या वाढीला ना म्हटलं नाही. त्यांना मेव्हण्याची वाढ थांबणं खुपलं. घरात छोटीबाईंना काय सांगायचं? मग त्यांनी तोडगा काढला. भंवरलालला ‘बडे तोलाईबाबू’ म्हणायचं आणि तिसऱ्या श्रेणीत टाकायचं. भाऊंनी विचारलं, बडे बाबू जास्तीचं काम कोणतं करतील? शेठजी म्हणाले, काम तेच, मान जास्त. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं भाऊ माझ्यापाशी पुटपुटले आणि दातओठ खात बसून राहिले.

शेठजी व्यापारी माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाव केला. भाऊंचा स्वतःचा पगार एकशे दहा होता आणि त्यांनी बांधलेली चौथी श्रेणी शंभरावर संपत होती. म्हणजे स्वतःच्याच नियमाने त्यांना पुन्हा कधी वाढ नव्हती. शेठजींनी सुचवलं, तुमचं टोक एकशे तीस करा, भंवरलालचं तेवढं बघा, दोघांचं भलं. भाऊंच्या घरी लग्नाची मुलगी होती. त्यांनी होकार दिला असता तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी नकार दिला, आणि तोही गोड बोलून नाही. शेठजी म्हणाले, मग नावाचा बदल मी माझ्या हाताने करीन.

आणि केला. हंगामाच्या पहिल्या दिवशी नारळ फुटला, सगळे अंगणात जमले आणि भाऊ कागद वाचायला उभे राहिले. एकेका कामाची श्रेणी आणि तिचं कारण ते वाचत गेले. तिसऱ्या श्रेणीत शेठजींच्या अक्षरात ‘बडे तोलाईबाबू’ आलं तेव्हा ते थांबले. त्यांचा आवाज रागाने कापत होता.

“याचं कारन माले सांगता येत नही. शेठजी सांगतीन.”

शेठजींनी उपरणं सावरलं. जन्मभर कानात बोललेला माणूस, चारचौघांत त्यांना वाक्य सापडेना.

“मन्ही जिन शे. कोनले कितला देवाना ते मी ठरावसू,” एवढंच ते म्हणाले.

हे उत्तर नव्हतं आणि ते सगळ्यांना कळलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे आम्हाला आधीच माहीत होतं. त्यासाठी कागदाची गरज नव्हती. रायसिंगने गेटच्या काट्याची वजनं पेटीत ठेवली, पेटीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि बाहेर निंबाखाली जाऊन बसला.

गेटबाहेर प्रकाशा गावाकडच्या गाड्यांची रांग लागलेली. बैल सोडता येईनात, कपास खाली होईना. शेतकरी ओरडायला लागले, दुसऱ्या जिनला जातो म्हणाले. शेठजींनी रायसिंगला दोनदा बोलावणं पाठवलं, तो उठला नाही. शेवटी संतापून त्यांनी भंवरलालला हाक मारली आणि गेटवर बस म्हणून सांगितलं. आतल्या गाठी तयार व्हायला अवकाश होता, त्याचा काटा रिकामाच होता.

भंवरलाल बसला. पहिल्या गाडीला जरा चाचपडला, कट किती धरायचा यावर एका म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि मग हात बसला. दुपारपर्यंत अंगण मोकळं झालं. शेठजी खूश झाले. रायसिंगवाचून अडत नाही, हे त्यांना सगळ्यांना दाखवायचं होतं. ते भाऊंच्या टेबलापाशी येऊन मुद्दाम मोठ्याने म्हणाले, बघा, चाललं ना काम?

भाऊ उभे राहिले. त्या दिवशी त्यांचा राग मी पहिल्यांदा थंड झालेला पाहिला, आणि तो तापलेल्या रागापेक्षा वाईट होता.

“चालनं ना. गेटना काटा आज भंवरलालनी चालाडा, काही अडनं नही. म्हंजे दोन्ही काम एकच शे, हाई तुम्हीच सगळासले दखाडं. मंग पगारनी श्रेणी दोन कसाले?”

शेठजी लाल झाले. त्यांनी भंवरलालकडे पाहिलं. तो बिचारा घाम पुसत खाली मान घालून म्हणाला, जिजाजी, काम तर तेच आहे, फक्त इथे ऊन जास्त. मेव्हण्यानेच साक्ष दिल्यावर शेठजींपाशी काय उरलं? त्यांनी कागद मागवला, ‘बडे तोलाईबाबू’ स्वतःच्या हाताने खोडलं आणि भाऊंना म्हणाले, आता तुमचा पगार जन्मभर एकशे दहा. भाऊ म्हणाले, ते मी आधीच लिहिलंय. पुढे निवृत्तीपर्यंत त्यांना एक आणासुद्धा वाढला नाही आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रारही केली नाही.

संध्याकाळी भाऊ स्वतः निंबाखाली गेले. मी किल्ली घेऊन मागे होतो. त्यांनी रायसिंगला समजावून सांगितलं, दोन्ही काटे एका श्रेणीत, या महिन्यापासून तुला छत्तीस, पुढे दरसाल दोन. मला वाटलं तो हात जोडील. भाऊंनाही बहुधा तसंच वाटलं असावं, कारण बोलता बोलता त्यांचा चेहरा सैल झाला होता.

रायसिंगने हात जोडले नाहीत. त्याने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि भाऊंकडे सरळ पाहिलं.

“भाऊ, आज बरोबर व्हयनं म्हंतस. मंग काल लगून चूक व्हतं ना? त्या अकरा वरीसना पैसा कोन दी?”

एवढ्या श्रेण्या बांधणारा तो माणूस, विचारलेल्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हतं, आणि माझ्यापाशीही नव्हतं. रायसिंग काट्यावर जाऊन बसला, कारण गेटवर कळसाडीची एक उशिराची गाडी येऊन उभी होती.