हजेरीच्या फोटोत न आलेली ओळ

तुमच्या नावापुढे महिन्याच्या शेवटी जो आकडा लिहिला जातो, तो कुणी आणि कशावरून काढला, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? मी विचारलं नव्हतं. उलट दुसऱ्यांच्या नावापुढे आकडे मीच लिहीत होते आणि मलाही कुणी विचारत नव्हतं.

गुजरातेतल्या डिंडोलीत आमच्या गल्लीपासून जवळच बायकांसाठी शिलाई मशीनचा वर्ग चालतो. तीन महिन्यांचा. शिकवणाऱ्या बेन हजेरी वहीत पेनानं मांडत, गुजरातीत. सकाळच्या तुकडीला आली तर एक, दुपारच्या तुकडीला आली तर दोन, चिठ्ठी देऊन रजा घेतली तर ‘रजा’मधला र आणि न सांगता राहिली तर चौकटीत आडवी रेघ. कुणालाही कुठल्याही तुकडीत बसायची मुभा होती, कारण आमच्याकडे पाणी येण्याची आणि नवऱ्याच्या पाळीची वेळ बदलत राहते. माझं काम एवढंच: वहीच्या पानांचे फोटो बघून प्रत्येकीचे महिन्याचे हजर, रजा, गैरहजर कॉम्प्युटरवर भरायचे आणि बेरजा काढायच्या. तीन महिन्यांत वर्गाचे दिवस शहात्तर. त्यातले सत्तावन्न भरले तरच परीक्षेला बसता येई.

समोरच्या घरातल्या वहिनींचे माझ्या हिशेबानं चोपन्न भरले. पहिल्या महिन्यात एकवीस, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात फक्त तेरा.

वहिनी मूळच्या धुळ्याकडच्या. घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम त्या आठ वर्षं करत होत्या. परीक्षेचा कागद मिळाला की कारखान्यात मशीनवर बसता येणार होतं, म्हणून सासूशी भांडून त्या वर्गाला येत. मी त्यांना हे आकडे सांगितले तेव्हा त्या ओट्यावर भाजी निवडत होत्या.

“अवं माय, मी तं रोज दुपारले येस ना!” त्या म्हणाल्या. “तेरा दिवस कशे? माझी सासूबी यापेक्षा चांगलं मोजते, आणि तिले दिसत नही.”

“वहिनी, तिसऱ्या महिन्यात तुमच्या आठ रजा आहेत.”

“दोनच घेतल्या. पोरीले ताप होता तेव्हा. बाकीच्या सहा तुझ्या.”

मी भडकले. स्वतःवर नाही, बेनवर; वहीत रजा त्याच मांडत होत्या. मी वाचायला शिकले तीच मुळी बाबांनी मिलच्या गेटवरून आणलेल्या पत्रकांवर. आमच्या घरात अन्याय दिसला की आधी कागद निघतो. मी त्याच संध्याकाळी एक पान लिहून काढलं. मथळा दिला, ‘वर्गात हजर, कागदावर रजेवर!’ खाली तीन ठणठणीत परिच्छेद. गरीब बाईचे दिवस खाणाऱ्यांना जाब विचारा, वगैरे. बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

“भाषा चांगली आहे,” ते म्हणाले. “वही पाहिलीस?”

“फोटो पाहिले ना.”

“मी वही विचारतोय.”

“बाबा, फोटो वहीचेच आहेत.”

“मग वही बघायला काय जातंय? शिकवणारी बाई खोटी निघाली तर हे मी स्वतः वाटतो. पण आधी बघून ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी त्याच संध्याकाळी पाठवायची होती. घडी केलेलं पत्रक पर्समध्ये होतं आणि मी भांडायच्या तयारीनंच बोलायला सुरुवात केली. बेन कातर खाली ठेवून ऐकत राहिल्या. मग त्यांनी वही काढली, तिसरा महिना उघडला, वहिनींच्या ओळीवर पट्टी ठेवली आणि विचारलं, “आ शुं छे?”

“रजा.”

“ना. दोन. बीजी पाळी.” पट्टी पुढे सरकली. “आ?”

“…रजा?”

“आ पण दोन.”

गुजरातीत दोनचा आकडा आणि र हे अक्षर जवळजवळ सारखंच काढतात. बेन घाईत असल्या की दोघांत काही फरक उरत नाही. पहिले दोन महिने वहिनी सकाळी येत होत्या, म्हणून सगळे एक होते आणि कुठेच अडलं नाही. तिसऱ्या महिन्यात पोरीची शाळा सकाळची झाली, त्या दुपारी येऊ लागल्या आणि त्यांच्या एकोणीस दोनांपैकी सहा मी रजेत टाकले.

“पण मी तपासलं होतं,” मी म्हणाले. “प्रत्येक ओळीची बेरीज सव्वीस येते. दिवस सव्वीसच होते.”

“येणारच,” बेन मोडक्या मराठीत म्हणाल्या. “रजा वधारे, हाजर कमी. टोटल तेच. आडवं जुळतं, बेटा. उभं बघ.”

प्रत्येक तारखेच्या तळाशी त्यांनी त्या दिवशी वर्गात बसलेल्या बायका मोजून आकडा लिहिला होता. रोज, डोकी मोजून. मी तो आकडा कधी पाहिलाच नव्हता. मी मोबाइल तिरका धरून फोटो काढले होते आणि खालची ओळ कापली गेली होती. चूक वाचण्यात झाली होती, पण तिच्यावरचा पहारा मीच फोटोबाहेर ठेवला होता.

आम्ही तारखेवार उभ्या बेरजा घेतल्या. कुठे माझा आकडा एकानं कमी, कुठे दोनानं. फरक पडलेल्या तारखांना वहिनींचं नाव सापडत गेलं तसा मला चेव चढला. “तर मग आठही दोनच धरू या!”

बेननी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. कपाटातून रजेच्या चिठ्ठ्यांची फाइल आणली. वहिनींच्या चिठ्ठ्या दोन निघाल्या, दोन्ही तापाच्या. “आ बे रजा छे. साचुं ते साचुं.” या दोन रजाच, खरं ते खरं. त्या दोन र तसेच राहिले. फाइलमुळेच आणखी एक गोष्ट कळली. एका तारखेला उभी बेरीज जुळत होती, तरी चुका दोन होत्या. एकीचा दोन मी रजा वाचला होता आणि दुसरीची रजा दोन. एकमेकींना झाकून बसल्या होत्या. त्या दुसरीचा एक दिवस कमी झाला. ती परीक्षेला बसणारच होती, पण आकडा तिचाही खरा हवा.

वहिनींचा तिसरा महिना एकोणीस. एकूण साठ.

पर्समधलं पत्रक मी बेनना दाखवलं. न दाखवणं मला जमलं नसतं. त्यांनी मराठी अक्षरं जुळवत मथळा वाचला, हसल्या आणि म्हणाल्या, “फरी लखजे. आ वखते मारा अक्षर उपर.” पुन्हा लिही, यावेळी माझ्या अक्षरावर. त्या दिवसापासून त्या दोनला गोल करतात आणि रजा पूर्ण शब्दात लिहितात. त्यांनी मला कामावरून काढलं नाही, कुणापाशी माझं नावही काढलं नाही. दुपारची तुकडी येईपर्यंत त्या माझ्याबरोबर उभ्या बेरजा घेत बसल्या. त्या उपकाराला माझ्याकडे मथळा नाही.

वहिनींना सांगायला गेले तर त्यांनी आधी भुवया उडवल्या. “साठ? नक्की? का उद्या परत येऊन चाळीस सांगशील?” मी बेनकडून मागून आणलेली वही उघडून तिन्ही महिन्यांची पानं समोर धरली, यावेळी तळाच्या ओळीसकट. एकेक चौकट त्यांनी बोटानं मोजली. सासूबाईंनाही बोलावून बसवलं. साठावर बोट थांबलं. त्या उठून आत गेल्या आणि परीक्षेला नेसायची साडी पेटीतून काढू लागल्या.

तुम्ही कुठे कुणाची हजेरी उतरवून घेत असाल, शाळेत, कारखान्यात, अंगणवाडीत, तर माझं एवढं ऐका. बेरीज पुढे पाठवण्याआधी एक दिवस राखून ठेवा आणि त्या दिवशी ज्याची ओळ आहे त्याला वहीपाशी बोलवा. आपले दिवस त्याला स्वतःच्या बोटानं मोजू द्या.