फादर यान यांची उजळणी

शनिवारची मराठी शाळा चालवणाऱ्यांकडे किस्से कमी नसतात, ऐकणारे कमी असतात. मुलांचे हातमोजे विसरले जातात, डबे विसरले जातात, आणि दोन-चार वर्षांत कपाट भरतं. तसंच हे किस्से साठतात. आमच्या कपाटातले निम्मे हातमोजे कुणाचे ते कळत नाही, पण किस्से मात्र बहुतेक सगळे फादर यान यांचे!

ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात एका चर्चच्या मागे एक हॉल आहे. तिथं आमची शाळा भरते. मी आयटीतला माणूस, शिकवण्याचा गंध नाही. माझा मित्र मिलिंद कांबळे डेल्फ्टहून ट्रेननं येतो, तो संशोधक. आणि वर्षाताई आमच्या मुख्याध्यापिका, शिपाई आणि चहावाल्या, सगळं एकटीनं.

गेल्या वर्षी वर्षाताईंनी जाहीर केलं, "या सुट्टीपर्यंत मुलं मराठीत बोलली तर बोलली. नाहीतर हॉलची किल्ली परत. उगाच मुलांचा शनिवार का नासायचा?"

मला धडकी भरली. कारण न बोलणाऱ्यांत पहिला नंबर माझ्या इराचा. मी विचारायचो, "जेवलीस का?" ती म्हणायची, "या, पापा." डचमधलं हो! सातारला माझी आई फोन कानाला लावून नातीच्या तोंडून एका मराठी वाक्याची वाट बघत बसायची. ते मला बघवत नव्हतं.

*

फादर यान म्हणजे हॉलच्या वरच्या खोलीत राहणारे जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या संघाचे कॅथलिक पाद्री. वय ऐंशीच्या पुढे, उंची दाराएवढी. आयुष्य इंडोनेशियात, जावा बेटावर मुलांना गणित शिकवण्यात गेलं. एका शनिवारी ते खाली आले आणि आमचा वर्ग बघून दारातच थबकले. पाच वर्षांची आणि बारा वर्षांची मुलं एकाच चटईवर, एकच धडा!

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"शाळा," वर्षाताई म्हणाल्या.

"ही शाळा नाही. ही गर्दी आहे."

मग म्हणाले, आमची संस्थासुद्धा हे ठेच लागल्यावरच शिकली. सोळाव्या शतकात चर्च फुटलं, प्रोटेस्टंट वेगळे झाले, अर्धा युरोप हातातून गेला. त्यात आपल्याच पाद्र्यांना धड लॅटिन येत नाही, प्रवचन करता येत नाही, हे उघडं पडलं. मग ट्रेंट गावी मोठी परिषद भरली. तिनं प्रत्येक बिशपला बजावलं, पाद्री घडवायला स्वतःची शाळा काढा. सांगणं सोपं! शिकवणार कोण?

"तुम्ही!" मी म्हटलं.

"छे! आम्हाला शाळा काढायचीच नव्हती. आमच्या पहिल्या मंडळींना जेरुसलेमला जायचं होतं. युद्धामुळे जहाज मिळेना, म्हणून पोपकडे गेले आणि म्हणाले, पाठवाल तिथं जातो. पुढे सिसिलीतल्या एका शहरानं शाळा मागितली. ती इतकी चालली, की मग सगळीकडून मागणी!"

मुलांना इयत्ता पाडून बसवायचं, एक इयत्ता पक्की झाल्याशिवाय वर चढवायचं नाही, रोज आधी कालची उजळणी, फी नाही, आणि मुलांनी नाटकं करायची. हे सगळं त्या जुन्या जेझुइटांनी अनेक वर्षं करून बघितलं, ठिकठिकाणच्या शिक्षकांची मतं मागवली आणि मग नियम बांधले.

मिलिंद माझ्या कानात म्हणाला, "लेका, आपण फक्त व्हॉट्सॲप ग्रुप काढला!"

*

पुढच्या शनिवारी आम्ही तीन इयत्ता पाडल्या. बालवर्ग बसला आणि फादर यान येऊन त्यात बसले. बुटक्या खुर्चीत! गुडघे कानाला लागत होते.

"फादर, तुम्ही मागे बसा ना, चांगली खुर्ची आहे," वर्षाताई कासावीस झाल्या.

"मला मराठी येत नाही. माझी इयत्ता हीच."

मग सांगितलं. त्यांचे संस्थापक सैनिक होते. तोफगोळ्यानं पाय फुटला, अंथरुणावर पडल्या पडल्या मन पालटलं. लोकांना काही सांगायचं तर शिकायला हवं, म्हणून तिशी उलटलेला तो लंगडा माणूस लहान पोरांबरोबर बाकावर बसून लॅटिन घोकायला लागला.

"तो बसला," फादर म्हणाले, "मी कोण लागून गेलो?"

मी तर डचचा क्लास दोनदा सोडला होता, वेळ नाही म्हणून.

*

मिलिंद फटकळ. एकदा चहाच्या वेळी त्यानं सरळ विचारलं, "फादर, तुमचे लोक आमच्याकडे धर्म बदलायलाच आले होते ना?"

फादरनी कप खाली ठेवला.

"हो. त्यासाठीच आले होते. आणि पोर्तुगीज राजाच्या तोफांच्या सावलीत आले, गोव्यात देवळं पडली, हेही खरं. ते मी झाकणार नाही."

मिलिंद भांडायच्या तयारीनं आला होता, समोरचा भांडेचना.

"पण एक दाखवतो," म्हणत ते वर गेले आणि एका जुन्या पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स घेऊन आले. इंग्लंडमध्ये त्या काळी कॅथलिक पाद्र्याला फाशीची भीती, म्हणून एक इंग्रज तरुण रोमला जाऊन जेझुइट झाला. तिथून गोव्याला गेला आणि तिथल्या साष्टीच्या खेड्यांत जन्मभर राहिला. मिशनवर गेलेल्यानं तिथली भाषा शिकलीच पाहिजे असा शिरस्ता. हा नुसता शिकला नाही, त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली! देवनागरी छपाईचे खिळे नव्हते, म्हणून छापली रोमन अक्षरांत.

इरा डोकावत होती. तिला देवनागरी वाचता येत नव्हती. रोमन म्हटल्यावर तिनं बोट ठेवून एक ओळ वाचली, अडखळत, पण वाचली. तिचे शब्द ओवीच्या चालीत पडत होते.

चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाचं मराठी, ॲमस्टरडॅममध्ये, माझ्या पोरीच्या तोंडून! मिलिंदनं चष्मा काढून पुसला. "धर्माचं माझं मत तेच आहे," तो म्हणाला, "पण माणूस काय जबरदस्त असेल रे!"

*

वर्षाताईंना सगळ्यात आवडला तो डेल्फ्टचा किस्सा. मिलिंदकडे आम्ही जेवायला गेलो होतो. जेवणानंतर फादरनी आम्हाला एका गल्लीत, एका बंद दारासमोर नेलं.

"सतराव्या शतकात इथं चोरून चर्च चालायचं. राज्य प्रोटेस्टंट, कॅथलिक पूजा उघड करायला बंदी. आमचे फादर व्यापाऱ्याच्या वेषात यायचे. आम्हाला ठरलेला झगा नाही, रोज एकत्र जमून प्रार्थना गायची सक्ती नाही. जुन्या मठवाल्यांना हे जमलंच नसतं. आमची घडणच अशी, की सांगितलं की निघायचं."

"आणि मुलांना कोण शिकवायचं?" वर्षाताईंनी विचारलं.

"बायका." फादर हसले. "इटलीत उर्सुलाइन नावाच्या संघातल्या बायकांनी सुरुवात केली, आपापल्या घरी राहून मुलींना शिकवायचं. पण त्या ट्रेंटच्या परिषदेनं ठरवलं, नन म्हणजे भिंतीआड. मग त्यांना हळूहळू मठात बंद केलं. काहींनी मठातच शाळा चालवल्या. इथं मठालाच बंदी! म्हणून इथल्या बायका नन झाल्याच नाहीत. लग्न नाही, मठ नाही, पगार नाही. घराघरांत मुलं जमवायची आणि शिकवायचं. फादर येत-जात, पकडले जात. या बायका मात्र इथंच होत्या."

वर्षाताई त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई गं! आणि मी हीटर चालत नाही म्हणून तक्रार करते."

*

तरीही मुलं बोलेनात. ऐकायची, समजायची, उत्तर डचमध्ये. सुट्टी जवळ आली. वर्षाताईंनी शेवटचा शनिवार ठरवला.

तेव्हा फादरनी आणखी एक गोष्ट काढली. त्यांच्या जुन्या शाळांत दहा-दहा पोरांवर एका पोराला नेमायचे. सकाळी शिक्षक यायच्या आधी बाकीच्यांचा पाठ त्यानं ऐकायचा. आणि वर्गात बोलायचं ते लॅटिनमध्येच.

"म्हणजे मॉनिटर," मी म्हटलं.

"मॉनिटर गप्प बसवतो. हा बोलायला लावतो."

बालवर्गावर त्यांनी इराला नेमायला लावलं! मी म्हटलं, अहो, ती तर तोंडच उघडत नाही. फादर म्हणाले, "म्हणूनच."

पाठ होता एक ते शंभरची उजळणी. इरा पाठ ऐकायची, आणि चुकलं की सांगावं तर लागायचंच. पहिल्या दिवशी तिनं फादरना फक्त एवढंच सांगितलं, "चूक." दुसऱ्या शनिवारी, "परत म्हणा." मी दाराआड उभा राहून ऐकायचो, आणि आत गेलो की पोरगी पुन्हा डच!

*

त्याच सुमारास फादरना फोन आला. वरिष्ठांनी ठरवलं, आता त्यांनी जर्मन सीमेजवळच्या म्हाताऱ्या फादरांच्या घरी राहायचं.

"तुम्ही नाही म्हणा ना!" वर्षाताईंचे डोळे भरले.

"आपलं म्हणणं एकदा प्रामाणिकपणे मांडायचं, तो हक्क असतो. मांडलं. निर्णय त्यांचा. जावाला पाठवलं तेव्हा मला समुद्राची भीती वाटायची. तरी गेलो." त्यांची बॅग एकच होती. आमच्या घरी दिवाळीच्या कंदिलांचा खोका त्याहून मोठा आहे.

*

तर तो शेवटचा शनिवार. वर्षाताईंनी किल्ली काढून टेबलावर ठेवली होती. फादर मंगळवारी जाणार. जाता जाता बालवर्ग पास करावा, एवढीच त्यांची हौस. सगळे पालक जमले. इरा समोर बसली, हाताची घडी घालून.

फादर साठपर्यंत छान गेले. सत्तरीत शिरले आणि अडकले. पुन्हा मागे आले, पुन्हा अडकले. मी इराला मागून खुणा करतोय, पास कर गं, पास कर! वर्षाताई खुणा करतायत. मिलिंद तर टाळ्या वाजवायच्या तयारीत.

इरा म्हणाली, "अजून कच्चं आहे."

मिलिंदचे टाळीसाठी उचललेले हात हवेतच राहिले.

"इरा!" मी ओरडलो. "अगं, ते चाललेत!"

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका," ती म्हणाली. "पक्कं झाल्याशिवाय वर चढवायचं नाही. फादरनीच सांगितलंय. पुढच्या शनिवारी परत यायचं."

एवढं सगळं मराठीत! फादर खुर्चीतून कसेबसे उठले, तिच्यासमोर मान झुकवली आणि म्हणाले, "बरोबर."

वर्षाताईंनी टेबलावरची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. "पुढच्या शनिवारी परीक्षा आहे," त्या म्हणाल्या, कुणाकडेही न बघता.

मंगळवारी फादर गेले. त्या रात्री मी सातारला फोन लावला आणि इराच्या हातात दिला.

शनिवारी आम्ही हॉल उघडला, मुलं बसली. इरानं बालवर्गात ती बुटकी खुर्ची मांडून ठेवली होती. मला तिच्याकडे बघवेना. काय सांगायचं पोरीला?

दार वाजलं. काठी टेकत फादर यान आत आले, धापा टाकत.

"फादर! तुम्ही?" वर्षाताई धावल्या. "सुट्टी घेतलीत?"

"सुट्टी कसली? मी वरिष्ठांना सांगितलं, एका मुलीनं मला नापास केलंय. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, जा. पास होईपर्यंत दर शनिवारी तिथंच." कोट काढून ते बुटक्या खुर्चीत बसले. "मला पाठवलंय."

इरानं हाताची घडी घातली.

"सत्तरपासून," ती म्हणाली.