नारळ सरांचा, मुदत माझी

आमच्या रसायनशास्त्र विभागात खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. तराजूला झेंडूचा हार, भट्टीला हळदकुंकू आणि एचपीएलसी नावाच्या मोजणीयंत्राला सगळ्यात मोठा हार, कारण ते सगळ्यात महागाचं. डाळिंबाच्या सालीतलं एक द्रव्य नेमकं किती आहे हे मी त्याच्यावरच मोजत होते. माझी पीएचडी त्या एका यंत्रावर उभी होती म्हणा ना.

त्या वर्षी पूजेच्या दीड महिना आधीच जर्नलचं उत्तर आलं होतं. शोधनिबंध नाकारला नव्हता, पण दुरुस्त्या मोठ्या होत्या. एका परीक्षकाचं म्हणणं, मोजमाप पुन्हा करा, नमुन्यात माहीत असलेलं प्रमाण घालून ते तेवढंच परत मिळतंय हे दाखवा. रास्त मागणी होती. त्यासाठी दोन महिन्यांची मुदत होती. तेवढ्यात दुरुस्ती गेली नाही तर फाईल बंद, मग पुन्हा नव्याने पाठवायचं. आणि आमच्याकडे निबंध स्वीकारला गेल्याशिवाय प्रबंध दाखल करून घेत नाहीत. त्यामुळे मी दिवाळीच्या आधीच सगळं उरकायचं ठरवलं होतं.

पूजेला सर म्हणाले, "मशीन चालू ठेव गं. बंद मशीनची कसली पूजा?"

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. मी म्हटलं, "सर, नारळ बाहेर पायरीवर फोडू या का?"

"देव इथं बसलाय आणि नारळ बाहेर? काहीतरीच तुझं."

आणि त्यांनी ओट्याच्या कडेवर नारळ हाणला. चांगला पाणीदार निघाला मेला. पाणी उडालं ते सरळ यंत्राच्या डिटेक्टरच्या जाळीतून आत. चट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि पडद्यावरची रेघ गेली. सर म्हणाले, "वाटा, प्रसाद वाटा." खोबरं हातात घेऊन मी तशीच उभी. खोबरं गोड होतं, हे मला अजून आठवतं आणि त्याचाही राग येतो.

पुण्याहून इंजिनिअर आला. सुप्याजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणून तीनदा फोन करून आला आणि झाकण उघडून म्हणाला, "यात काय सांडलं? चिकट लागतंय." सरांनी खिडकीबाहेर बघितलं. पार्ट परदेशातून येणार, महिना तरी जाईल म्हणाला. दुसरीकडे जाऊन मोजलं असतं तर आधीचे आकडेही तिथेच नव्याने काढावे लागले असते. म्हणजे जर्नलकडे मुदत मागण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ते काही अवघड नसतं. ईमेल करायचा. निबंधाचा क्रमांक लिहायचा, काय बिघडलं, बाकीच्या किती दुरुस्त्या झाल्या, किती दिवस हवेत ते सांगायचं, आणि हे सगळं मुदत संपायच्या आत. संपादक बहुतेक वेळा देतात. त्यांच्याही प्रयोगशाळेत यंत्रं बिघडतातच की. फक्त पत्रव्यवहार ज्याच्या नावावर त्यानेच मुदत मागायची असते, आणि ते नाव सरांचं होतं.

मी मसुदा लिहून दिला. पाणी सांडून डिटेक्टर बिघडला, बाकी सर्व उत्तरं तयार आहेत, सहा आठवडे द्यावेत. चार ओळी. नारळाचं नावही काढलं नव्हतं.

सरांनी चष्मा वर केला. "सांडलं? कुणी सांडलं असं विचारतील ना."

"कुणी विचारत नाही सर."

"ठेव. मी बघतो."

त्यांच्या 'मी बघतो'ला आम्ही सगळे घाबरायचो. चार दिवस मी रोज केबिनच्या दारात. शेवटी मुदत संपायच्या आदल्या दिवशी ईमेल गेला आणि त्याची प्रत माझ्याकडे आली. सावेडीला घरी ओट्याशी पोळ्या लाटत होते. फोन वाजला तसा पिठाच्या हातानेच उघडला.

माझा मसुदा जसाच्या तसा होता. फक्त एक वाक्य नवीन होतं. संशोधक विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे यंत्रात पाणी गेले, त्याबद्दल दिलगीर आहोत.

विद्यार्थिनी म्हणजे मी. निबंधावर पहिलं नाव माझंच, दुसरी कोण असणार! तव्यावरची पोळी करपली तरी मी वाचतच होते.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. "सर, हे असं का लिहिलंत?"

"अगं, विद्यार्थ्याच्या हातून झालं म्हटलं की माफ करतात. माझ्या हातून म्हटलं तर काय शोभा? उद्या मला परीक्षक म्हणून कोण बोलावेल? तुझं काय जातंय त्यात?"

तुझं काय जातंय! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाने विचारायचंही नाही.

बाहेर आले तर प्रयोगशाळेतले मामा बाटल्या धूत होते. त्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलेलं. मी त्यांना सांगितलं, तर नळ बंद न करताच म्हणाले, "ताई, म्या बघितलं हाय. पन मला कुनी इचारू नका. पोरीचं लगीन हाय औंदा." मला त्यांचा रागही धड आला नाही. आला तो माझ्याच नशिबाचा.

संपादकबाईंचं उत्तर त्याच दिवशी आलं. सहा मागितले होते, त्यांनी आठ आठवडे दिले. आणि खाली लिहिलं होतं, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस. मी शिकत असताना माझ्याही हातून एक यंत्र बिघडलं होतं.

हे वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. जगाच्या दुसऱ्या टोकाची एक अनोळखी बाई मला इतक्या मायेने माफ करत होती, आणि मी काही केलंच नव्हतं! तिला खरं कळवावंसं फार वाटलं. लिहिलंही. पण पाठवलं असतं तर मार्गदर्शक खोटा ठरला असता, आणि खोट्या ठरलेल्या मार्गदर्शकाखाली पीएचडी कुणाची झालीय? खोडून टाकलं. नवरा म्हणाला, "मुदत मिळाली ना? मग झालं तर." झालंच म्हणायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो मुकाट खायचा.

पार्ट आला, मोजमापं झाली, निबंध स्वीकारला गेला. सरांनी पेढे वाटले.

पुढच्या खंडेनवमीला एचपीएलसी बंद करून ठेवलं होतं. नवी मुलं हार घालत होती. नारळ फोडायची वेळ आली तसे सर म्हणाले, "बाहेर पायरीवर जा रे. मागच्या वर्षी या मॅडमनी मशीनवरच फोडला होता. महिनाभर बोंब!"

मुलं खदखदून हसली. मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. त्यात लबाडी नव्हती, डोळा मारणं नव्हतं. त्यांना आता ते खरंच वाटत होतं. कोपऱ्यात मामा बाटल्या पुसत राहिले.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, खरं की नाही?"

माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

"हो सर," म्हटलं मी, आणि हसले.