सौजन्याची ब्याऐंशी अक्षरं

त्या दिवसाचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नाशिकला गंगापूर रोडवर एका छोट्या संस्थेत मी संगणकाचं काम करत होते. संस्था डोंगरातल्या गावांमधून भात, नागली, वरईचं जुनं बियाणं गोळा करायची. बियाणं जपणाऱ्या बहुतेक बाया हरसूलकडच्या. त्यांच्याकडून आलेल्या एकशे अठरा वाणांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि प्रत्येक बरणीवर क्यूआर कोडचं लेबल लावायचं काम माझ्याकडे आलं.

हे प्रदर्शन पुढे गावोगाव फिरणार होतं. तिकडे फोनला रेंज नसते. म्हणून कोडमध्ये वेबसाइटची लिंक न घालता माहितीच घालायची, म्हणजे इंटरनेट नसतानाही फोनवर वाचता येईल, असं मी सुचवलं आणि संचालकांनी ते मान्य केलं. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. एका ओळीत एक वाण. अनुक्रमांक, वाणाचं नाव, पेरणीचा महिना, कोणी जपलं आणि तिचं गाव, कसं जपलं. शेवटचा रकाना मी त्या बायांशी फोनवर बोलून भरला होता. कोणी राखेत घोळून ठेवत होतं, कोणी चुलीवरच्या शिंकाळ्यात.

व्हिडिओ बघून बघून शिकलेला माझा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो तक्त्यातली एकेक ओळ वाचायचा, तिचा कोड बनवून त्या चित्राला अनुक्रमांकाचंच नाव द्यायचा आणि मग लेबलच्या कागदावर डावीकडून उजवीकडे एकेका चौकटीत ते बसवायचा. चित्राखाली अनुक्रमांक, म्हणजे लेबल चिकटवताना बरणीची अदलाबदल नको. ए-फोर कागदावर पासष्ट लेबलं. एक पान भरलं की पुढचं. आधी साध्या कागदावर छापून तो लेबलच्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. प्रिंटरने पानात मावावं म्हणून सगळं किंचित लहान केलं होतं आणि खालच्या ओळी सरकल्या होत्या. तो पर्याय काढून शंभर टक्के आकारात छापलं, तेव्हा चौकटी जुळल्या.

मग संचालकांनी तक्ता मागवला आणि त्यात एक रकाना वाढवला. सौजन्य. त्यात संस्थेचं पूर्ण नाव, खाली त्यांचं स्वतःचं नाव आणि हुद्दा. एकशे अठरा ओळींत तेच.

नवे कोड छापले तर ते माझ्या फोनवर उघडेनात. कारण मला माहीत होतं. मजकूर जितका जास्त तितके कोडमधले ठिपके जास्त, आणि पावणेदोन सेंटिमीटरच्या चौकोनात ते इतके बारीक होतात की कॅमेऱ्याला वेगळे दिसत नाहीत. त्यातून देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रासुद्धा इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा खाते. मी संचालकांना सांगितलं की मजकूर कमी करावा लागेल.

ते म्हणाले, "कोणी जपलं आणि कसं जपलं, ते दोन रकाने काढा. लोक बियाणं बघायला येतात."

मी म्हटलं, "सर, सौजन्याची ओळ काढली तरी बसेल."

"ती राहू द्या," ते म्हणाले आणि फोनवर दुसऱ्या कुणाशी बोलायला लागले.

मी रकाने काढले. खाली मान घालून दोन्ही पानं छापली. लेबलं बरण्यांवर चिकटवली. आता कोड उघडत होते. हे सगळं मी माझ्या हाताने केलं, हे इथे लिहायलाच हवं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी हरसूलच्या सहा बाया बरण्या बघायला ऑफिसात आल्या. त्यांत एक साठीच्या मावशी होत्या. अकरा वाण एकट्या त्यांचे. त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, आपल्या काळ्या भाताच्या बरणीसमोर धरला आणि शाळेत वाचतात तसं एकेक शब्द सुटा करून मोठ्याने वाचलं. वाणाचं नाव. जून. मग संस्थेचं नाव, संचालकांचं नाव, हुद्दा. त्यांनी बोटाने मजकूर वर सरकवून पाहिला. खाली काही नव्हतं.

"माझं नाव कुठं हाय, ताई?"

मी म्हटलं, "मावशी, जागा पुरली नाही."

त्यांनी फोन पुन्हा वर धरला. दुसरी बरणी बघितली, तिसरी बघितली. मग झाकण उघडून काळा भात सोबतच्या कापडी पिशवीत ओतायला लागल्या. म्हणाल्या, "सासूनं दिलं व्हतं मला. दोन सालं पीक नाय आलं तवाबी खाल्लं नाय आमी, ठेवलं. ज्याचं नाव हाय त्याला सांग, तुझं बियाणं आण."

बाकीच्या बायांनीही झाकणं उघडली. कुणी आवाज चढवला नाही. अर्ध्या तासात चाळीसच्या वर बरण्या रिकाम्या झाल्या आणि त्या सहाजणी हरसूलची एसटी पकडायला निघून गेल्या.

मी जागेवर येऊन बसले. जागा पुरली नाही, हे मी किती सहज बोलले होते. तक्ता उघडला आणि अक्षरं मोजायचं सूत्र लावलं. सौजन्याची ओळ ब्याऐंशी. मावशींचं नाव आणि गाव मिळून चोवीस, त्यांच्या भाताच्या जपणुकीची हकिकत अठ्ठावन्न. बेरीज ब्याऐंशीच. इतर ओळींत दोन-चार इकडे-तिकडे, बस्स. म्हणजे जागा होती. ती आधी दुसऱ्याने घेतली होती आणि मी त्याला तांत्रिक अडचण म्हणत होते.

संस्थेचा फलक तर सभागृहाच्या दारावर दहा फुटी लागणार होता. संचालकांचं नाव निमंत्रणपत्रिकेवर होतं, व्यासपीठावर होतं. एका बाईचं नाव चोवीस अक्षरांत कुठेतरी एकदा यायचं, तर ते मात्र यांना जड झालं.

मी सौजन्याचा रकाना काढला, जुने दोन परत आणले, सगळे कोड नव्याने बनवले. त्याच पासष्टच्या कागदावर, तेवढ्याच आकारात. दर पानावरचे चार-पाच उघडून तक्त्याशी ताडून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी लेबलं ओल्या फडक्याने सोलली, नवी लावली आणि रिकाम्या झालेल्या बरण्यांची लेबलं घेऊन त्या सहाजणींकडे हरसूलला गेले. मावशींच्या दारात बसून माफी मागितली. त्यांनी फोन धरला, आपलं नाव वाचलं, गाव वाचलं, राखेचं वाचलं. "बराबर हाय," एवढंच म्हणाल्या. दहा वाण त्यांनी दिले. काळा भात दिला नाही. बाकीच्या पाचजणींपैकी दोघींनी तर काहीच दिलं नाही, आणि मी आग्रहही केला नाही.

उद्घाटनाला संचालकांनी पाहुण्यांसमोर एक कोड उघडला. त्यांचा चेहरा उतरला, पण पाहुणे कोडमधलं बाईचं नाव वाचून ती आली आहे का असं विचारत होते, त्यामुळे तिथे बोलता येईना. चार दिवसांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. परवानगीवाचून मजकुरात बदल का केला.

मी एका ओळीत उत्तर दिलं की जागा पुरली नाही. खाली दोन्ही बेरजा लिहिल्या. त्यांनी मला काढलं नाही, महिनाभराने माझं काम काढून घेतलं. टेबलावर नुसतं बसून राहणं मला जमेना, म्हणून मीच राजीनामा दिला.

पुढच्या गावी प्रदर्शन गेलं तेव्हा लेबलं पुन्हा बदलली होती, असं ऐकलं. तो तक्ता माझ्याकडे आहे. हरसूलच्या बायांनी आता आपला गट केला आहे, बाजाराच्या दिवशी बियाणं मांडतात, आणि त्यांची लेबलं मी छापून देते. सौजन्याचा रकाना त्यांनी मागितला नाही.